‘डोस कमी केला’ म्हणजे नेमकं काय कमी केलं?

ओसरी
आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आतड्याच्या ऑपरेशननंतर किमो चालू आहे. कॅपॉक्स म्हणतात तिला. एक दिवस दवाखान्यात ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन, मग दोन आठवडे घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग आठवडाभर काही नाही. एकवीस दिवस झाले की परत पहिल्यापासून, असं आठ वेळा. दवाखान्याची फाइल इंग्रजीत आहे. घरी मी, वहिनी आणि धाकटे काका आळीपाळीने बघतो, म्हणून मी एक मराठी वही घातली आहे.

पाचव्या वेळी डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. मी वहीत लिहिलं, ‘डोस २५ टक्के कमी’. काकांनी ते वाचलं आणि सगळ्या नातेवाइकांना फोन केले की आठाचे सहा झाले, आता एकच राहिला! हिशेब चोख आहे, आठाचे पंचवीस टक्के दोनच होतात. सहाव्यानंतर देवदर्शनाला जायला गाडीही ठरवून मोकळे झाले. चूक माझीच, कारण त्याच पानावर वर मीच ‘डोस क्र. ५’ असं लिहिलेलं होतं.

तर, कितवा आणि किती यांना दोन वेगळे शब्द हवेत. सायकलला काय म्हणावं? आणि टॉक्सिसिटीच्या रकान्याला?

शाईपेन
यात अडचण कसली? डोस म्हणजे मात्रा, सायकल म्हणजे चक्र, टॉक्सिसिटी म्हणजे विषाक्तता. शब्द आहेत, आपण वापरत नाही. ‘डोस’ हा शब्दच वहीतून हद्दपार करा, गोंधळ आपोआप मिटेल.

मधलीआळी
डोस परका नाहीच मुळी. औषध शरीरातला दोष काढतं, म्हणून दोषाचा डोस झाला. आमचे वैद्यकाका सांगायचे.

व्युत्पत्तीवेडा
वैद्यकाकांना नमस्कार, पण नाही. मूळ ग्रीक, ‘दोसिस’, म्हणजे देणं. आपल्या संस्कृत ‘दा’ धातूचंच ते चुलत भावंड. म्हणजे डोस हा दोषाचा कोणी नव्हे, दानाचा नातेवाईक. आणि देणं म्हटलं की ‘कितव्यांदा दिलं’ आणि ‘किती दिलं’ हे दोन्ही आलंच. पोलिओचे डोस आपण मोजतो, खोकल्याच्या औषधाचा डोस मापतो. काका भाषेच्या अंगाने चुकले नाहीत.

मात्रा म्हणाल तर तिलाही आपल्याकडे निराळा वास आहे. ‘मात्रा लागू पडली’ म्हणतो तेव्हा आपण प्रमाणाबद्दल बोलत नसतो, औषधाबद्दलच बोलत असतो.

वेखंड
बाळगुटीत हा घोळच नव्हता. आजी सहाणेवर वेखंडाचे दोन वळसे, जायफळाचा एक वळसा असं सांगायची. बाळ मोठं झालं की वळसे वाढायचे. कितव्यांदा दिली हे कोणी मोजत नसे.

सिस्टरताई
मी किमोच्या डे-केअरमध्ये अठरा वर्षं काढली. ओसरी, तुमच्या काकांसारखे काका आठवड्याला एक भेटायचे. पेशंट ‘माझा तिसरा डोस’ किंवा ‘तिसरा किमो’ म्हणतो, आम्ही ‘तिसरी सायकल’ म्हणतो. तो शब्द त्यांच्या तोंडून काढून घेता येणार नाही. म्हणून शब्द बदलण्यापेक्षा वहीत टक्के लिहूच नका. गोळ्या लिहा.

समजा आप्पांच्या शरीराचं क्षेत्रफळ उंची-वजनावरून १.६० चौरस मीटर निघालं. कॅपॉक्समध्ये सलाईनचं औषध चौरस मीटरला १३० मिलिग्रॅम, म्हणजे २०८. गोळ्या चौरस मीटरला १०००, म्हणजे एका वेळी १६००, सकाळ-संध्याकाळ. पण १६०० ची गोळी मिळत नाही. ५०० च्या तीन दिल्या की १५०० होतात, बहुतेक ठिकाणी तेवढंच देतात. म्हणजे ‘डोस’ या एका शब्दाखाली तीन आकडे झाले: पुस्तकातला, गणिताने आलेला आणि पोटात गेलेला. दवाखान्याच्या फाइलीत तिन्ही हवेत. घरच्या वहीत शेवटचा पुरे.

आता पंचवीस टक्के कमी केल्यावर १६०० चे १२०० होतात. त्याच्या गोळ्या ५०० च्या दोन आणि १५० ची एक, एकूण ११५०. वहिनींना हेच कळायला हवं, कारण डबीत हात त्यांचा जातो.

आणि एक सांगते, यात मी माणसं अडकलेली पाहिली आहेत. पंचवीस टक्के कशाचे? नेहमी मूळ मात्रेचे, मागच्या वेळच्या नव्हेत. पुढे कधी ‘पन्नास टक्के’ असं लिहून आलं तर ते १६०० चं निम्मं, म्हणजे ८००. बाराशेचं निम्मं नव्हे. म्हणून वहीत ‘आणखी कमी’ हे शब्द कधीच लिहू नका. त्रासामुळे एकदा कमी केलेली ही गोळी पुढच्या सायकलला परत वाढवत नाहीत, तेही काकांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर ‘आता बरं आहे तर पूर्ण द्या की’ हे ठरलेलं.

ओसरी
ताई, वहिनींनी हे वाचून लगेच डबी तपासली! आकडे तंतोतंत आमचेच निघाले. काका अजून ‘आठाचे सहा’वरच आहेत.

पाटकरी
सायकलला आवर्तन म्हणा. मी कालव्यावर नोकरी केली आहे. रब्बीचं दुसरं आवर्तन सुटलं म्हटलं की शेतकऱ्याला सगळं कळतं: पाणी अमुक दिवस चालणार, मग कालवा बंद राहणार, मग तिसरं. तुमचं आवर्तन एकवीस दिवसांचं, त्यात ‘पाणी’ चौदा दिवस. चक्रात ही बंदची मुदत दिसत नाही, चक्र आपलं फिरतच राहतं. आणि धरणात पाणी कमी असलं तर आवर्तन लांबतं, पण त्याचा नंबर बदलत नाही.

शाईपेन
आवर्तन शब्द उत्तम, पण आप्पांना ‘२१ दिवसांचं आवर्तन’ सांगाल तर ते अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं समजतील.

पाटकरी
समजू देत. नुकसान काय?

सिस्टरताई
पाटकरी, लांबण्याचं अगदी नेमकं बोललात. आप्पांचं चौथं लांबलं असणार, बहुतेकांचं एखादं लांबतंच. प्लेटलेट ६८ हजार आल्या की आठवडाभर थांबतो. अशा वेळी लोक वहीत ‘चौथा चुकला’ लिहितात आणि पुढच्याला पाचवा म्हणतात. चुकला नाही, लांबला. चौथ्याचा पहिला दिवस म्हणजे औषध प्रत्यक्ष सुरू झालं तो दिवस.

गोळ्यांचं मात्र उलटं. मध्येच थांबवल्या तर राहिलेल्या गोळ्या पुढे भरून काढायच्या नाहीत. त्या गेल्या. तिथे ‘राहिल्या’ हा शब्दच वाईट, कारण राहिलं की आपण पुरं करायला बघतो. मी ‘सोडल्या’ लिहायला सांगायची.

निवांत
माझ्या आईला दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल होतं, बारा वेळा. आम्ही बारा किमो म्हणायचो, पण फाइलीत चारच सायकल! आम्हाला वाटलं, आठ वेळचं बिल जास्त लावलं. बिलावरून भांडून आलो होतो. तर मग आवर्तनं बारा की चार?

सिस्टरताई
दोन्ही पद्धती आहेत. काही ठिकाणी तीन आठवड्यांची एक सायकल धरून त्यात दिवस १, ८ आणि १५ लिहितात, काही ठिकाणी सरळ बारा आठवडे. औषध तेवढंच. बिल बरोबर होतं हो!

व्युत्पत्तीवेडा
बघा, दिवस ८! आपला आठवडा सात दिवसांचा आणि नावात आठ, कारण आपण पहिला दिवस धरून मोजतो. सोमवारपासून आठव्या दिवशी सोमवार. किमोवाले अगदी आजीसारखंच मोजतात. फक्त ‘एकविसाव्या दिवशी या’ म्हणू नका, तो रविवार निघेल. बाविसावा दिवस हाच पुढचा पहिला.

ओसरी
अगदी हाच वाद घरी झाला. गोळ्या चौदा दिवसांच्या, मग पंधराव्या दिवशी सकाळी का? तर पहिली गोळी पहिल्या दिवशी संध्याकाळी घेतली होती. अठ्ठावीस वेळा पुरे व्हायला पंधराव्याची सकाळ उजाडतेच.

आता टॉक्सिसिटी. ‘विषाक्तता’ लिहून पाहिलं. आप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, ‘मला विष देताय काय रे?’

शाईपेन
शास्त्रीय शब्द अर्थ सांगतो, धीर देत नाही. भाषेचं ते कामही नाही.

मधलीआळी
‘दुष्परिणाम’ लिहा.

सिस्टरताई
‘त्रास’ लिहा. दुष्परिणाम म्हटलं की पेशंट लपवतो, आपलंच काही चुकलं असं त्याला वाटतं. त्रास कोणीही सांगतो. फक्त ‘ग्रेड’ला श्रेणी म्हणू नका. आपल्याकडे पहिली श्रेणी म्हणजे पेढे वाटायचे. इथे एक म्हणजे सौम्य, चार म्हणजे जिवावर बेतलेलं आणि पाच म्हणजे माणूस गेला. एका आजोबांच्या तळहातांचा त्रास ‘ग्रेड ३’ लिहिला होता, तो शेजाऱ्यांनी वाचला आणि गावभर झालं की कॅन्सर तिसऱ्या स्टेजला गेला.

तुम्ही आकडा लिहूच नका, तो डॉक्टर घालतील. काय जमत नाही ते लिहा. तळहात लाल आहेत पण दुखत नाहीत, ती पहिली पायरी. दुखतात, भाजी चिरायला जमत नाही, ती दुसरी. शर्टाची बटणं लावता येत नाहीत, आंघोळीला माणूस लागतो, ती तिसरी. दुखायला लागलं की गोळ्या थांबवून त्याच दिवशी फोन करायचा, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

ओसरी
मग चौथ्याचं पान असं झालं:

आवर्तन ४. ठरलेली तारीख ५ ऑगस्ट, लांबलं (प्लेटलेट ६८ हजार), सुरू १२ ऑगस्ट.
सलाईन: २०८, पूर्ण.
गोळ्या: ५०० च्या ३, दोन वेळा. दिवस १२ ला थांबवल्या, पुढच्या सोडल्या.
त्रास: तळहात दुखतात, पेला धरवत नाही, दिवस १२ पासून. तिसऱ्या आवर्तनातही झालं होतं, तेव्हा मात्रा कमी केली नव्हती.
पुढे: आवर्तन ५ ला गोळ्या सकाळी ५०० च्या २ + १५० ची १, संध्याकाळी तेवढ्याच. सलाईन तेच.

सिस्टरताई
छान. सलाईनचं वेगळं लिहिलंत ते बरं केलंत. ‘डोस कमी’ मध्ये कुठल्या औषधाचा ते नेमकं राहून जातं. बोटांना मुंग्या येत असतील तर त्या कधी गेल्या तेही लिहा. गार लागल्यावर येऊन चार दिवसांत जाणाऱ्या वेगळ्या, आणि पुढचं सलाईन येईपर्यंत न गेलेल्या वेगळ्या. ऑक्सॅलिप्लॅटिन कमी करायचं की थांबवायचं, ते दुसऱ्या प्रकारावरून ठरवतात.

ओसरी
आप्पा म्हणतात, मुंग्या नाहीत, झिणझिण्या आहेत. फ्रीजला हात लावला की झिणझिण्या, आणि सकाळी उठल्यावर मुंग्या. दोन वेगळं.

व्युत्पत्तीवेडा
वा! झिणझिण्या अनुकरणवाचक, तारेसारख्या. मुंग्या म्हणजे चालत्या.

मधलीआळी
आमच्याकडे पाय झोपला की मुंग्या, आणि कोपर आपटलं की झिणझिण्या. गारठ्याचा काही संबंध नाही.

वेखंड
कोपर आपटल्यावर मुंग्याच येतात हो. झिणझिण्या दातांत येतात, आइस्क्रीम खाल्लं की.

शाईपेन
दातांत येतात त्या कळा.