मदत हवी आहे: सातबारा आणि जीआयएसच्या क्षेत्रात 240 चौ.मी.चा फरक

नमस्कार मंडळी. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गटाचं क्षेत्र जुळत नाहीये. सातबाऱ्यावर पोटखराबा धरून 1.62.00, म्हणजे 16,200 चौ.मी. लेयर EPSG:3857 मध्ये असताना area($geometry) 18,200 दाखवत होतं. त्या प्रोजेक्शनमध्ये आपल्याकडचं क्षेत्र दहा टक्क्यांवर फुगतं. EPSG:32643 मध्ये नेल्यावर 16,440 आलं.

शेतकरीदादा म्हणतात, "चार एकर दोन गुंठे, बरोबरच आहे की!" पण त्यांनी आर म्हणजेच गुंठा धरून 162 गुंठे केलेत. गुंठा 101.17 चौ.मी.चा, त्यामुळे सातबाऱ्याचे 160.13 गुंठेच होतात, चार एकराला जेमतेम वर. जीआयएसचे 16,440 म्हणजे साधारण 162.5 गुंठे, त्यामुळे दादांच्या 162 शी जुळणं निव्वळ योगायोग.

उरलेले 240 चौ.मी. कशात टाकू? हद्द उपग्रह चित्रावरून, बांधाच्या बाहेरच्या कडेने आखलीय. बांधाच्या मध्यातून पुन्हा आखू, की आधी मोजणीची 'क' प्रत काढू? तुम्ही किती टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेता?