उत्तर: दुप्पट लावण्याचा हिशोब

> हरलं की पुढच्या सामन्यावर दुप्पट लावायचे. कधीतरी जिंकणारच ना, मग तोटा कसा?

इंदूरला रामबागेतल्या आमच्या शेजारच्या टॅक्सीवाल्या दादांचंही हेच म्हणणं होतं. सरवटे स्टँडवर सवारीची वाट बघता बघता ते फुटबॉलवर लावायचे, ‘तीन किंवा जास्त गोल होणार’ एवढंच. सुरुवात २०० रुपयांपासून. जिंकले की बुकी रुपयाला नव्वद पैसे द्यायचा, म्हणजे १८० सुटायचे. महिनाभर रोज भाजीचा खर्च निघाला.

मग एकदा ओळीनं चार सामने कोरडे गेले. २००, ४००, ८००, १६००, एकूण ३००० गेले. पाचव्याला ३२०० लावले आणि जिंकले! हाती आले २८८० फायद्याचे. वहिनींनी डिझेलच्या वहीत मांडून दाखवलं: जिंकूनही १२० कमी. खरं तर इथेच सगळं उघड झालं होतं. रुपयाला नव्वदच पैसे मिळत असतील, तर दुप्पट करूनही पाचव्या पायरीपासून जुना तोटा भरत नाही, आणि पुढे खड्डा वाढतच जातो.

दादा म्हणाले, नशीब वाईट. दिवाळीनंतर सात सामने सलग गेले. प्रत्येक वेळी निम्मी शक्यता धरली, तरी १२८ फेऱ्यांत सरासरी एकदा हे होतंच, आणि दादा रोज फेरी धरत. २५,४०० गेले, त्यात गाडीचा हप्ता होता. आठव्याला २५,६०० हवे होते. बुकी म्हणाला, वीस हजारांवर घेत नाही.

त्या रात्री त्यांनी स्टँडवरून तीन सवाऱ्या सोडल्या आणि पहाटे वही वहिनींकडे दिली.