‘मधला कोन’ म्हणजे नेमका कुठला?

सदाशिवपेठी: मुलगी अकरावीत आहे. पुस्तकातल्या आकृतीत १० एककांचा बाण पूर्वेकडे जातो, त्याच्या टोकापासून ६ एककांचा दुसरा वर निघतो आणि कोपऱ्यात १२०° लिहिलेत. ‘दोन सदिशांमधला कोन’ म्हणजे हेच १२० ना? तिने सूत्रात घातले, बेरीज ८.७ आली. मागे उत्तर १४.

कोथरूडकर: कोन १२०च आहे. त्रिकोणाचा कोसाइन नियम लावा, तिथे वजा चिन्ह असतं. १०० + ३६ + ६० = १९६, वर्गमूळ १४. झालं.

माधुरीताई: बेरजेपुरतं बरोबर, पण तो त्रिकोणाचा कोन झाला, सदिशांमधला नव्हे. सदिशांमधला कोन दोघांच्या शेपट्या एका बिंदूवर आणून मोजायचा. दुसरा बाण न वळवता पहिल्याच्या शेपटीशी सरकवा, ६०° दिसतील. मग घटक घ्या: पूर्वेकडे १० + ३ = १३, उत्तरेकडे सुमारे ५.२. पुन्हा १४च.

कोथरूडकर: मग १२० म्हणण्यात बिघडलं काय?

माधुरीताई: अदिश गुणाकार करून बघा. ६० घेतले तर ३०, १२० घेतले तर उणे ३०. म्हणजे एकमेकांना साथ देणारे बाण कागदावर एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. पडताळा सोपा आहे: बेरजेच्या वर्गातून दोघांचे वर्ग वजा करून निम्मे करा. १९६ − १३६ = ६०, निम्मे ३०. सदिश गुणाकार मात्र दगा देतो. साइन ६० आणि साइन १२० सारखेच, दोन्हीकडे सुमारे ५२ येणार आणि चूक झाकलेलीच राहणार.

भोसरीचा फिटर: म्हणून आमचं कधी अडलं नाही! पाव मीटरचा पाना, २०० न्यूटन जोर, दांड्याशी ३०°. तुम्ही १५० म्हणा, पीळ २५ न्यूटन-मीटरच.

माधुरीताई: अगदी. फक्त दिशा बघताना आधी दांडा, मग जोर. क्रम उलटला की नट कागदावर सैल होतो.

जुनाबाजार: ‘अदिश गुणाकार’ म्हणजे सदिशाला साध्या संख्येने गुणणं ना? १० चा बाण दुप्पट केला की २०.

माधुरीताई: ते ‘अदिशाने गुणणे’. एका ‘ने’वर अर्थ फिरतो, म्हणून मी वर्गात ‘बिंदू गुणाकार’च म्हणते.

सदाशिवपेठी: गुणाकाराचं ठीक, पण ‘मधला’चं काय? सरळ ‘शेपटीकडचा कोन’ म्हणावं.

कोथरूडकर: परीक्षेत ‘शेपटी’ लिहिणार? ‘पुच्छकोन’ तरी म्हणा.

सदाशिवपेठी: पुच्छकोन! मुलगी वही मिटून पळेल.