प्रतिसाद: वार सुटणे आणि ‘नॉर्मल’ सोनोग्राफी

> ३४वा आठवडा आहे, पोट सतत दुखतंय, पण डाग थोडाच आणि सोनोग्राफी नॉर्मल. सकाळपर्यंत थांबू का?

थांबू नका. आत्ताच, सिझेरियन आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात जा. गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून बाळाला पोसणारी वार वेळेआधी सुटली की रक्त बाहेर येतंच असं नाही, ते वारेमागे साचूनही राहतं. त्यामुळे डागावरून आतला रक्तस्राव कळत नाही. ताजं साचलेलं रक्त सोनोग्राफीत वारेसारखंच दिसतं, म्हणून ते बऱ्याचदा नजरेतून सुटतं. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी नाही ना, हे मात्र त्यात नक्की बघायचं असतं.

पोटावर हात ठेवा. कळ ओसरल्यावर पोट सैल पडायला हवं. ते लाकडासारखं कडकच राहिलं, तर शंका दाट.

बीपीही फसवतं. समजा, आधी १६०/१०० असलेलं बीपी आता १२०/८० भरलं. दिलासा वाटतो, पण नाडी १२० असेल तर रक्त कमी होत असल्याचीच शक्यता जास्त. म्हणून आधीचे आकडे डॉक्टरांना आवर्जून सांगा. तिथे बाळाचे ठोके सलग मशीनवर बघतील आणि रक्त गोठतंय का तेही तपासतील. बाळाची हालचाल मंदावली असेल तर पोचताक्षणी हेच पहिलं सांगा.