पाण्याच्या तक्त्यातली रिकामी घरं: शून्य धरायची, वगळायची की काय करायचं?

घोडबंदरची_समितीवाली
आमच्या सोसायटीत महापालिकेच्या इनलेटवर मीटर आहे. वॉचमन रोज सकाळी ७ ला आकडा लिहितो, मी एक्सेलमध्ये चढवते. एक युनिट म्हणजे हजार लिटर. ४ तारखेला कोणी लिहिलंच नाही. ५ ते ६ शटडाऊन होता.

```
A(तारीख)   B(रीडिंग)
1          41200
2          41284
3          41366
4
5          41532
6          41532
7          41590
8          41672
```

वजाबाकीच्या कॉलममध्ये ४ आणि ५ तारखेला वेडेवाकडे आकडे आले. खजिनदार काकांनी तिथे ० टाकलं, सरासरी ४३.७ आली. मी ती दोन घरं रिकामी ठेवली तर ६१.२ येते. वार्षिक सभेत यावर टँकरचं बजेट ठरणार आहे. गरज रोज ९० हजार लिटर धरली आहे. बरोबर कोण?

नौपाड्याचा_हिशेबनीस
काका बरोबर. वहीत नोंद नाही म्हणजे आवक नाही, आयुष्यभर हाच नियम पाळला. शिवाय पाण्याच्या बाबतीत कमी धरलेलं बरं. बजेट उरलं तर पुढच्या वर्षी कामाला येईल, कमी पडलं तर मे महिन्यात लोक तुमच्या दारात बादल्या घेऊन उभे राहतील.

ऐरोली_डॅशबोर्ड
काका साफ चूक, माफ करा. रिकामं घर म्हणजे "माहीत नाही". AVERAGE रिकामी घरं आपोआप सोडून देतं, म्हणून एक्सेलमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही, घरं रिकामी ठेवा आणि विसरा. मी तर शटडाऊनचा शून्यही काढेन, तो नेहमीचा दिवस नाही. `=AVERAGEIF(C3:C9,">0")` करा, ७६.५ येईल.

आमच्या कंपनीत हेच झालं होतं. डिलिव्हरीला लागलेल्या मिनिटांच्या कॉलमवर कोणीतरी रिकाम्या जागी ० भरणारं `COALESCE(minutes,0)` लावून ठेवलं. डेटाबेसच्या AVG ने NULL, म्हणजे रिकाम्या नोंदी, सोडले असते, पण त्याच्यापर्यंत NULL पोचतच नव्हते. अर्धवट राहिलेल्या डिलिव्हऱ्या शून्य मिनिटांत झाल्यासारख्या मोजल्या गेल्या, आणि जितक्या जास्त ऑर्डर अडकतील तितका आमचा वेग डॅशबोर्डवर वाढायचा! साहेब मंडळी खूश.

रबाळे_इन्स्ट्रुमेंट
तुमचा COALESCE चा किस्सा खरा आहे, पण इथे तो लागू होत नाही. AVERAGE रिकामं घर सोडतं, वजाबाकी सोडत नाही. `=B5-B4` मध्ये B4 रिकामं असेल तरी किंवा B5 रिकामं असेल तरी एक्सेल तिथे मुकाट्याने ० धरतं, एररही देत नाही. म्हणून ताईंना ४ तारखेला उणे ४१,३६६ आणि ५ तारखेला अधिक ४१,५३२ दिसले असणार. गंमत अशी की ते दोन वेडे आकडे तसेच ठेवले असते तर सरासरी बरोबर आली असती, कारण दोन्ही मिळून १६६ होतात. आलेख बघवला नसता एवढंच. बिघाड झाला तो नीटनेटकं करायला गेल्यावर.

हे मीटर गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यासारखं चढत जाणारं आहे. वॉचमनने एक दिवस बघितलं नाही म्हणून पाणी यायचं थांबलं नाही की मोजायचं थांबलं नाही. ३ ते ५ या दोन दिवसांत १६६ युनिट आलीच, फक्त कुठल्या दिवशी किती ते कळलं नाही. काकांनी ती १६६ शून्य केली. ताईंनी तीच १६६ रिकामी करून सोडून दिली. पद्धती उलट, पण पाणी दोघांनीही फेकलं. सरासरीसाठी रोजचा कॉलम लागतच नाही:

```
=(B9-B2)/(A9-A2)
```

म्हणजे ४७२ भागिले ७, ६७.४. शटडाऊनचा शून्य यात आहे आणि असलाच पाहिजे. त्या दिवशीही लोक आंघोळीला बसले होतेच. तो काढून आलेले ७६.५ हे "पाणी आलं त्या दिवशी किती आलं" याचं उत्तर झालं, त्यावर टँकर कसे मागवणार?

४३.७ धरलं तर रोजची तूट ४६ हजार, दहा हजारी टँकर साडेचार. ६७.४ वर तूट २२ ते २३ हजार, सव्वादोन टँकर. वर्षभराच्या बिलात जवळजवळ दुपटीचा फरक आहे, हिशेबनीस साहेब, "उरलं तर" एवढ्यावर सोडण्यासारखा नाही.

नौपाड्याचा_हिशेबनीस
चढत्या मीटरचं मान्य. पण ६ तारखेचा शून्य खरा कशावरून? पावसात गेटपर्यंत जायला नको म्हणून वॉचमनने कालचाच आकडा उतरवला असेल तर? आमच्याकडचा हे सर्रास करतो.

रबाळे_इन्स्ट्रुमेंट
शंका रास्त आहे. पण तसं असेल तर ७ तारखेच्या ५८ मध्ये दोन दिवसांचं पाणी असेल, आणि एकूण ४७२ ला धक्का लागत नाही.

मला भीती आहे ती मीटर अडकण्याची. लाइन बंद होऊन परत सुरू झाली की गाळ येतो, कधी चाकात खडा बसतो. पाणी वाहतं, आकडा हलत नाही. हा शून्य दिसायला शटडाऊनसारखाच, पण ते पाणी नंतरच्या कुठल्याच रीडिंगमध्ये परत येत नाही. न लिहिलेला आकडा पुढच्या नोंदीत भरून निघतो, अडकलेला मीटर नाही. ओळखायचं कसं? मीटर शून्य दाखवतो, त्या दिवशी टँकरही आला नाही, आणि तरी खालची टाकी भरलेली, तर तो शून्य खोटा. तेवढा काळ हिशेबातून बाहेर ठेवायचा आणि दिवसांच्या संख्येतूनही वजा करायचा. आणि मीटर बदलला असेल तर जुना आणि नवा असे दोन तुकडे वेगळे काढा, नाहीतर वरचं सूत्र उणे उत्तर देईल.

कासारवडवली_टँकरग्रस्त
सरासरी काढून पाणी येतं का हो? आमच्याकडे टँकरवाला दहा हजार सांगून आठ ओततो. आधी टँकरला मीटर लावा, मग एक्सेल उघडा.

घोडबंदरची_समितीवाली
दादा, तो वेगळा धागा काढा, मी येते भांडायला :)

रबाळे सर, सभेत आलेख दाखवायचाय, म्हणून रोजचा कॉलम हवाच. मागच्या शेवटच्या रीडिंगपासून किती दिवस गेले त्याने भागून बघितलं. ही पाचव्या रांगेतली ओळ, खाली तशीच ओढली:

```
=IF(B5="",NA(),(B5-MAX(B$2:B4))/(A5-MAXIFS(A$2:A4,B$2:B4,"<>")))
```

४ तारखेला #N/A आणि ५ तारखेला ८३ आलं, छान. पण या कॉलमवर AVERAGE लावलं तर तेही #N/A. मग `=AVERAGEIF(C3:C9,">=0")` केलं तर ६४.८. तुमचे ६७.४ का नाहीत?

रबाळे_इन्स्ट्रुमेंट
सूत्र चांगलं बसवलंय. आता कॉलममध्ये सहा आकडे आहेत आणि दिवस सात. ५ तारखेचे ८३ दोन दिवसांचे प्रतिनिधी आहेत, पण सरासरीत एकाच दिवसाचं वजन मिळालं. ३८९ भागिले ६, म्हणून ६४.८. हा फरक एका आठवड्यात अडीच युनिटांचा दिसतो. वॉचमन रजेवर गेल्यामुळे दहा दिवस नोंद नसेल तर बराच मोठा होईल. रोजचा कॉलम फक्त आलेखासाठी ठेवा, सरासरी पहिल्या आणि शेवटच्या रीडिंगवरूनच.

आणि B कॉलमला हात लावू नका. तिथे जे लिहिलं तेच, नाही लिहिलं तर रिकामं. शेजारी शेऱ्याचा कॉलम घ्या: वाचलं नाही, शटडाऊन, मीटर अडकला. सहा महिन्यांनी शून्य बघून कोणालाच आठवणार नाही की तो कसला होता.

ऐरोली_डॅशबोर्ड
वजाबाकीचं मला सुचलं नव्हतं. पण शटडाऊन वगळण्यावर मी ठाम आहे. टँकर किती लागतात याचे दोन प्रश्न आहेत: नेहमीच्या दिवशी किती आणि शटडाऊनच्या दिवशी किती. ६७.४ असा दिवस तुमच्या तक्त्यात एकही नाही. काही दिवस ८३ च्या आसपास, एक दिवस ०, दुसऱ्या दिवशी दाब कमी म्हणून ५८. रोज सव्वादोन टँकर मागवले तर बाकीच्या दिवशी टाकी ओसंडेल आणि शटडाऊनला कोरडी पडेल.

आलेखाबद्दल: स्तंभ काढू नका. शून्याचा स्तंभ आणि नसलेला स्तंभ सारखाच दिसतो, मोकळी जागा. रेषा काढा. एक्सेलमध्ये लपलेल्या आणि रिकाम्या घरांची सेटिंग असते, तिथे फट ठेवायची, शून्य करायचं की बिंदू जोडायचे ते निवडता येतं. मी जोडतो, बघणाऱ्याला गोंधळ नको.

रबाळे_इन्स्ट्रुमेंट
वर्षाच्या बजेटला ६७.४ आणि टँकर कधी बोलवायचे याला तुमची विभागणी, इथे आपलं जमेल. रेषा जोडण्याला मात्र माझा विरोध. ४ तारखेला आपण मोजलं नाही हे सभेला दिसू दे.

ऐरोली_डॅशबोर्ड
सभेतले लोक फट बघून "त्या दिवशी पाणी आलं नाही" असंच म्हणणार, लिहून ठेवा.

नौपाड्याचा_हिशेबनीस
टँकरच्या कॉलमचं काय केलंत ताई? तिथे रिकामं म्हणजे शून्यच ना?

घोडबंदरची_समितीवाली
बघितलं नव्हतं. सात दिवसांत २, ३ आणि ४ टँकर, बाकी घरं रिकामी. AVERAGE रोज ३ दाखवतंय.

नौपाड्याचा_हिशेबनीस
मग! ९ टँकर भागिले ७ दिवस, रोज १.३. इथे माझा नियम चालतो, कारण टँकर आला की चलन येतं, आणि चलन नाही म्हणजे टँकर नाही. फक्त महिन्याच्या बिलाशी चलनं जुळवून मगच रिकाम्या घरात ० लिहा.

आणखी एक. महापालिकेचं ४७२ आणि टँकरचं ९०, एकूण ५६२ हजार लिटर. म्हणजे रोज ८०. टाक्या कोरड्या पडल्या नसतील तर ९० ची गरज आली कुठून?

घोडबंदरची_समितीवाली
१६७ फ्लॅट, घरटी ४ माणसं, माणशी १३५ लिटर. काकांनी काढलंय.

रबाळे_इन्स्ट्रुमेंट
१३५ हे शहरासाठीचं सरकारी प्रमाण आहे, ते ठीक. घरटी ४ हे रजिस्टरवरून मोजलं का?

घोडबंदरची_समितीवाली
आत्ताच ऑफिसात जाऊन रजिस्टर बघून आले. बऱ्याच फ्लॅटसमोर माणसांचा रकाना रिकामाच आहे. त्यात बंद फ्लॅट किती आणि फॉर्मच न भरलेले किती, ते कोणालाच सांगता येत नाही. काकांनी सरसकट ४ धरलेत. उद्या वॉचमनला घेऊन विंगवार फिरते, मग आकडे टाकते इथे.