मदत हवी आहे: ४६ स्लाइडमधल्या नेमक्या कुठल्या उडवू?

वसुली_विभाग
पतसंस्थेच्या आढाव्याचं सादरीकरण आहे, ४६ स्लाइड झाल्यात. साहेब म्हणतात निम्म्या करा, पण काही गळता कामा नये. मला सगळ्याच महत्त्वाच्या वाटतात. शोभेच्या आणि तेच ते सांगणाऱ्या स्लाइड ओळखायच्या कशा? उद्या सकाळी द्यायचंय, लवकर सांगा.

कात्री
सोपं आहे. नुसता फोटो असलेल्या, प्रत्येक भागाआधी पुन्हा येणारी विषयपत्रिका आणि 'धन्यवाद', सगळं काढा. दहा-बारा तिथेच जातील.

शाईदौत
थांबा, आधी हे सांगा: पडद्यावर दाखवणार की छापूनही देणार? कोणापुढे, किती वेळ?

वसुली_विभाग
संचालक मंडळ, २० मिनिटं. छापील प्रतही द्यायची आहे. हे सांगायचं राहिलं.

नाना_पुणे
फाइल जड झाली असेल तर चित्रं कॉम्प्रेस करा. चित्र निवडून `Picture Format > Compress Pictures`. ईमेलने सहज जाईल.

वसुली_विभाग
नाना, फाइल जड नाही, स्लाइड जास्त आहेत.

शाईदौत
मग `View > Outline View` उघडा आणि फक्त शीर्षकं वरून खाली वाचा. जिथे शीर्षक वाचून नवीन काही कळत नाही, तिथे खूण करा. एक खाच आहे. शीर्षक साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये टाकलं असेल, तर ते इथे दिसतच नाही. स्लाइड रिकामी वाटते आणि माणूस भरलेली स्लाइड उडवून बसतो. म्हणून आधी `Review > Check Accessibility` चालवा, शीर्षक नसलेल्या स्लाइड त्यात सापडतात.

खूण झालेली स्लाइड लगेच डिलीट करू नका. राइट क्लिक करून `Hide Slide` करा आणि पूर्ण सादरीकरण एकदा चालवून बघा. कुठे अडखळायला झालं तर ती स्लाइड परत आणता येते. छापताना मात्र `Print Hidden Slides` ची टिक काढा, नाहीतर लपवलेल्या स्लाइड कागदावर उमटतील.

वसुली_विभाग
केलं. १७ ते २० चौघीही थकबाकीच्याच निघाल्या. १७ म्हणजे ३१ मार्चचा शाखानिहाय तक्ता, १८ त्याच आकड्यांचा स्तंभालेख, १९ तीन वर्षांची एकूण थकबाकी, २० 'ठळक मुद्दे'. १९ काढू ना?

शाईदौत
१९ अजिबात नको. विषय एकच असला तरी ती काळ दाखवते, बाकीच्या एकाच दिवसाची स्थिती दाखवतात. पुनरुक्ती १७ आणि १८ मध्ये आहे. १८ मध्ये स्तंभ मोठ्याकडून लहानाकडे लावा, प्रत्येकावर आकडा घाला, म्हणजे १७ ची गरज उरत नाही. तक्त्यात लेखात नसलेला एखादा रकाना आहे का? २० वरच्या ओळीही इथे टाका.

वसुली_विभाग
तक्त्यात तारणाचा रकाना आहे. २० वर: १) थकबाकी वाढली, २) तारण पुरेसं, ३) निम्म्याहून जास्त थकबाकी दोनच शाखांत.

शाईदौत
पहिली ओळ १९ मध्ये दिसते, दुसरी तक्त्यातून कळते. तिसरी मात्र कुठेच थेट लिहिलेली नाही आणि मंडळाला नेमकी तीच हवी. १८ चं शीर्षक आत्ता 'शाखानिहाय थकबाकी' असं काहीतरी असेल. त्याजागी ही तिसरी ओळ टाका, २० गेली. तक्ता परिशिष्टात, म्हणजे तारणाचं कोणी विचारलं तर हाताशी राहील.

कात्री
आणि फोटो? ते तरी सरळ काढा.

शाईदौत
फोटोखालची ओळ वाचून. नव्या शाखेच्या फोटोखाली उद्घाटनाची तारीख असेल आणि ती दुसरीकडे कुठेच नसेल, तर ती शाखांच्या स्लाइडवर न्या, मग फोटो काढा. स्लाइडखालचे नोट्सही बघा, तपशील कधीकधी फक्त तिथेच असतो.

वसुली_विभाग
३१ ते ३५ हुबेहूब सारख्या आहेत, दरवेळी एक बाण जास्त. वसुलीचे टप्पे.

शाईदौत
पडद्यावर पाचही राहू द्या, त्याने टप्पा एकेक करून समजतो. छापायच्या प्रतीत फक्त ३५ ठेवा. पण ३५ वर आधीच्या चारांतला सगळा मजकूर आहे का ते ताडून बघा. बाणांना जागा करताना एखादी टीप पुसली जाते. मधल्या स्लाइड गेल्या की क्रमांक सरकतात, तेव्हा 'स्लाइड १७ पाहा' असे उल्लेख `Ctrl+F` ने शोधून दुरुस्त करा. चित्रातला मजकूर त्यात सापडत नाही.

कात्री
विषयपत्रिकेचं मी सांगितलं ते बरोबर ना? २० मिनिटांत पाचदा कशाला?

सभागृह
पडद्यावर मध्ये एकदा तरी हवीच. उशिरा आलेल्या संचालकांना आपण कुठे आहोत ते कळतं.

कात्री
त्यासाठी स्लाइडच्या कोपऱ्यात भागाचं नाव लिहा, अख्खी स्लाइड नको.

सभागृह
मागच्या रांगेतून कोपरा वाचता येत नाही.

वसुली_विभाग
मी पहिली ठेवतो आणि मधली एक, बाकी तीन लपवली. आता आकृतीतल्या टिपा ताडायला बसतो.