लतादीदींचं जाणं आणि आपलं रडणं

«ज्यांना कधी भेटलोही नाही, त्यांच्या जाण्याने इतकं रडू का यावं? घरचे हसतात.»

हसू देत, तुमचं दुःख खरंच आहे. 1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी अशा एकतर्फी नात्याला 'पॅरासोशल' म्हटलं. रेडिओ-टीव्हीवरचा माणूस थेट आपल्याशीच बोलतोय असं वाटत राहतं आणि वर्षानुवर्षांच्या सहवासाने ओळख पक्की होते. समोरच्याला आपण माहीत नसतो, पण आपल्या बाजूची माया त्यामुळे कमी होत नाही.

6 फेब्रुवारी 2022 ला लतादीदी गेल्या. वय 92, त्यातून आजारपण, म्हणजे धक्का अनपेक्षित नव्हता. गाणी तर सगळी जागच्या जागी आहेत. मग गेलं काय? माझ्या मते, तो आवाज ज्यांच्यासोबत ऐकला ती माणसं. सकाळी रेडिओ लावून भाजी चिरणारी आई, गुणगुणणारे बाबा. त्यांच्यासाठी तेव्हा नीट रडता आलं नसेल, तर ते रडू अशा वेळी वाट काढतं. रडताना कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो ते पाहा, बरंचसं कळेल.

शिवाय घरचं कोणी गेलं की लोक भेटायला येतात, दहावा-तेरावा होतो. इथे सांत्वनाला कोणी येत नाही, वर हसतात. म्हणून ते जास्त सलतं. लतादीदींना मानणाऱ्या कुणाशी तरी बोला. सहसा काही दिवसांत ओसरतं. पण आठवडे उलटूनही झोप-जेवण बिघडलेलंच असेल, तर समुपदेशकाला भेटा.